लहान मुलांचे जुलाब : चमच्याने पाणी किती, आणि दवाखाना कधी

जुलाब लागलेल्या मुलाला घेऊन आई-वडील दवाखान्यात येतात तेव्हा त्यांना एकच गोष्ट हवी असते. जुलाब थांबले पाहिजेत. ओआरएसची पुडी हातात पडते, घरी जाऊन ते पाणी पाजलं जातं, आणि दोन तासांनी पुन्हा पातळ संडास होते. मग घरात कुणीतरी म्हणतंच, ‘या पाण्याने काही फरक पडत नाही, औषध बदलून घ्या.’ पुडी फडताळात जाते. मुलांच्या जुलाबांबाबत सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, कारण ओआरएस जुलाब थांबवण्यासाठी नसतंच. जुलाबावाटे जे पाणी आणि क्षार शरीराबाहेर चालले आहेत, ते तितक्याच वेगाने परत भरणं एवढंच त्याचं काम. जुलाब तीन-चार दिवस चालू राहूनही मूल हसतं-खेळतं राहिलं, तर ओआरएसने आपलं काम चोख केलं असं समजायचं.

लहान मुलांमध्ये हे जुलाब बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतात. त्यातला सगळ्यात कुप्रसिद्ध म्हणजे रोटाव्हायरस. आधी उलट्या, थोडा ताप, मग पाण्यासारखे जुलाब हा त्याचा नेहमीचा क्रम. दात येताहेत म्हणून जुलाब होतात ही समजूत अजून घट्ट आहे, पण त्या वयात मूल हाताला लागेल ते तोंडात घालतं हे त्याचं खरं कारण. विषाणूवर प्रतिजैविकं चालत नाहीत. आजार साधारण पाच-सात दिवसांत आपोआप ओसरतो. या दिवसांत मुलाच्या जिवाला धोका असतो तो पाणी कमी पडण्याचा. दहा किलोच्या मुलाने अर्धा लिटर पाणी गमावलं तर त्याच्या वजनाचा विसावा भाग गेला, आणि तिथूनच लक्षणं दिसू लागतात. एक लिटर गेलं तर जीव धोक्यात. मोठ्या माणसाला जे नुकसान जाणवणारही नाही, ते तान्ह्या मुलाला एका दिवसात आडवं करतं.

पाणी भरायचं तर नुसतं पाणी का नाही, आणि मीठ-साखर मोजूनमापूनच का? आतड्याच्या आतल्या अस्तरात एक वाहक असतो. तो सोडियम आणि ग्लुकोज या दोघांना एकत्रच आत घेतो. एकटं सोडियम आलं तर हा वाहक ते घेत नाही. दोघं आत शिरले की त्यांच्यामागे पाणीही ओढलं जातं. रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने 1960 साली ही कल्पना मांडली. महत्त्वाचं हे, की जुलाबाच्या आजारात अस्तराचं नुकसान झालं तरी हा वाहक बऱ्याच अंशी शाबूत राहतो. म्हणजे एकीकडून पाणी गळत असतानाही दुसरीकडून ते आत घेण्याची वाट उघडी असते. पुडीतली साखर ‘ताकद’ येण्यासाठी नसते, ती मिठाला आत नेण्यासाठी असते. म्हणूनच ती जास्त घालून चालत नाही. द्रावण रक्तापेक्षा घट्ट झालं की उलटा प्रकार होतो, आतडंच शरीरातलं पाणी बाहेर खेचतं आणि जुलाब वाढतात.

हे प्रयोगशाळेतलं ज्ञान माणसांच्या कामी आलं ते आपल्याच उपखंडात. 1968 साली ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांना तोंडाने हे द्रावण देऊन सलाईनची गरज पुष्कळ कमी करता येते हे दाखवलं. 1971 मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, आणि डॉ. दिलीप महालनबीस यांच्याजवळचं सलाईन संपत आलं. त्यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण पिशव्यांत भरून घेतलं आणि ते पिंपांतल्या पाण्यात विरघळवून वाटायला सुरुवात केली. ते पाजायला परिचारिका पुरणार नव्हत्या, म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांनाच पेला हातात दिला. जिथे हे द्रावण दिलं गेलं तिथे मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं. महालनबीस 2022 मध्ये गेले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. या गोष्टीत द्रावणाइतकंच महत्त्व त्या पेल्याला आहे असं मला वाटतं. हा उपचार पहिल्यापासूनच घरच्या माणसाच्या हातचा होता, आणि आजही तो फसतो तो बहुधा हातातच.

आजच्या पुडीतलं सूत्र त्या वेळच्यासारखं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि युनिसेफने 2002 मध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही कमी केलेलं द्रावण स्वीकारलं. एका लिटरला 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सायट्रेट. जुन्या सूत्राच्या तुलनेत या द्रावणाने मुलांना सलाईन लावावं लागण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं. सरकारी दवाखान्यात, आशाताईंकडे आणि अंगणवाडीत मिळणारी पुडी याच सूत्राची असते. तिचं मराठी नाव जलसंजीवनी. औषधाच्या दुकानातून घेताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे का ते वाचावं. दुकानात त्याच फळीवर ठेवलेली, कागदी खोक्यातली गोड फळांच्या चवीची पेयं मात्र वेगळी. त्यांत साखर कित्येक पट असायची आणि नावात मात्र ओआरएस. बालरोगतज्ज्ञांनी बरीच वर्षं तक्रार केल्यावर ऑक्टोबर 2025 मध्ये अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला मनाई केली. नाव बदललं तरी खोकं दुकानात राहू शकतं, म्हणून नजर सूत्रावर ठेवायची.

पुडी कालवण्यात होणाऱ्या चुका साध्या असतात आणि महागात पडतात. मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. घरात ती पेलाभर पाण्यात थोडी टाकली जाते, उरलेली दुमडून ठेवतात. अंदाजाने टाकलेल्या अर्ध्या पुडीत मीठ किती आणि ग्लुकोज किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. पाण्याची लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुऊन तीच माप म्हणून वापरावी, पूर्ण पुडी एकाच वेळी टाकावी, विरघळेपर्यंत हलवावी. 200 मिलीची छोटी पुडी मिळते तीही पुरी टाकायची. पण घरातला ‘ग्लास’ दीडशेपासून तीनशे मिलीपर्यंत काहीही असू शकतो, तेव्हा एकदा तो बाटलीने मोजून घ्यावा. पाणी आधी उकळून थंड करायचं, द्रावण कालवल्यावर उकळायचं नाही. दुधात, फळांच्या रसात किंवा सरबतात पुडी टाकायची नाही, वरून साखरही घालायची नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून नवं करायचं. घट्ट द्रावणाचा धोका नुसता जुलाब वाढण्याचा नाही. रक्तातलं सोडियम वाढलं की मूल विलक्षण चिडचिडं होतं, तहानेने कासावीस होतं, कधी झटके येतात. अशा मुलाची कातडी कणकेसारखी लागते, आणि पाणी कमी पडलंय का हे पाहायला कातडीचा चिमटा घेतात ती खूण फसवते. ते बरं दिसतं, पण असत नाही.

पुडी मिळेपर्यंत काय, हा प्रश्न रात्री दोन वाजता पडतोच. एक लिटर पाण्यात सपाट चहाचे सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ हे घरचं द्रावण तेवढ्यापुरतं चालतं. त्यात पोटॅशियम नसतं आणि मिठाचा चमचा शिगोशीग भरला तर ते धोक्याचं होतं. चव घेऊन पाहावी, अश्रूंहून खारट लागलं तर टाकून द्यावं. सहा महिन्यांवरच्या मुलासाठी मीठ घातलेली तांदळाची पेज आणि पातळ ताक हे आपल्याकडचे उत्तम पर्याय आहेत. शहाळ्याचं पाणी चालतं, पण त्यात सोडियम फार कमी, त्यामुळे एकट्या शहाळ्यावर मूल ठेवू नये. ही सगळी पाणी कमी पडू नये म्हणून द्यायची पेयं आहेत. पाणी कमी पडल्याच्या खुणा दिसू लागल्या की पुडीच हवी.

इथे कॅनडातल्या एका अभ्यासाचा उल्लेख करायला हवा, कारण तो अर्धवट सांगितला जातो. टोरांटोत झालेल्या आणि 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सौम्य जुलाब-उलट्यांच्या मुलांना निम्मं पाणी घातलेला सफरचंदाचा रस आणि नंतर त्यांना आवडेल ते पेय दिलं, तर ओआरएस दिलेल्या मुलांपेक्षा कमी मुलांना पुढे सलाईन वगैरेची गरज पडली. ‘मग रसच द्या की’ असा अर्थ काढणारे दोन गोष्टी विसरतात. ती मुलं सुपोषित होती, आणि त्यांच्यात पाणी कमी पडल्याच्या खुणा जवळपास नव्हत्या. त्या टप्प्यावर मूल आवडीने काय पितं याला द्रावणाच्या रसायनापेक्षा जास्त महत्त्व असतं, इतकाच त्या अभ्यासाचा अर्थ. मूल सुकलेलं असेल, किंवा मुळात अंगाने बारीक असेल, तर हा निष्कर्ष त्याला लावता येत नाही.

आता खुणा. जुलाब किती वेळा झाले हे प्रत्येक घरात मोजलं जातं, आणि त्या आकड्यावरून घबराट किंवा निर्धास्तपणा ठरतो. आकडा डॉक्टरांना जरूर सांगावा, पण निर्णय मुलाकडे पाहून घ्यावा. पाहायच्या मुख्य गोष्टी चारच आहेत : मूल कसं आहे, डोळे कसे आहेत, ते पाणी कसं पितं, आणि कातडीचा चिमटा किती वेगाने सरळ होतो.

मूल नेहमीसारखं आहे, रडताना डोळ्यांत पाणी येतं, पाणी दिलं तर पितं, नाही तर खेळायला जातं, तर पाणी कमी पडलेलं नाही. ही पहिली पायरी. दुसऱ्या पायरीवर मूल किरकिरं होतं, कडेवरून खाली उतरत नाही, कशानेच समजूत पटत नाही. डोळे खोल गेलेले दिसतात. काही मुलांचे डोळे मुळातच खोल असतात, म्हणून ‘नेहमीपेक्षा खोल वाटतात का’ हे आईला किंवा आजीला विचारावं, त्यांची नजर डॉक्टरांपेक्षा पक्की असते. पाणी दिसलं की मूल झेपावतं, पेला सोडत नाही, काढून घेतला तर रडतं. हे पाहून घरच्यांना बरं वाटतं, ‘पितंय ना छान!’ पण ती अधाशी तहान धोक्याची पहिली घंटा आहे. तिसऱ्या पायरीवर उलट होतं. मूल शांत होतं. रडणं थांबतं, मान टाकतं, हाक मारली तर डोळे उघडतं आणि पुन्हा मिटतं, चमचा तोंडाशी नेला तरी ओठ हलवत नाही. रात्रभर रडलेलं मूल पहाटे शांत झालं म्हणून घर झोपी जातं, आणि नेमकं तेव्हाच जागं राहायला हवं असतं.

चिमटा घेण्याची रीत अशी. मुलाला उताणं झोपवायचं. बेंबी आणि कुशी यांच्या मधोमध, अंगठा आणि तर्जनीच्या पेरांनी, नखं न लावता, कातडीची उभी घडी धरायची आणि क्षणभराने सोडायची. घडी तत्क्षणी सपाट झाली तर ठीक. सपाट होताना डोळ्याला दिसली तर पाणी कमी पडलं आहे. दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच उभी राहिली तर तीव्र कमतरता. अगदी कुपोषित मुलाची कातडी पाणी पुरेसं असतानाही सैल असते, आणि गुटगुटीत मुलाची पाणी कमी पडलं तरी चटकन सरळ होते. म्हणून एकट्या चिमट्यावर विसंबू नये. चारांपैकी दोन खुणा एकाच पायरीच्या दिसल्या की मूल त्या पायरीवर आहे असं धरायचं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा नियम सोपा आणि भरवशाचा आहे.

याशिवाय लघवी. सहा ते आठ तास लघवी झाली नाही किंवा झाली ती थोडी आणि गडद पिवळी, तर सावध व्हावं. डायपरमुळे हे हल्ली कळेनासं झालं आहे. पाण्यासारखी संडास आणि लघवी एकाच डायपरमध्ये मिसळते आणि ‘भिजलेलं आहे, म्हणजे लघवी झाली’ असं धरलं जातं. आजारापुरतं सुती लंगोटावर यावं, निदान दिवसा. तान्ह्या बाळाची टाळू आत गेलेली दिसली तर तीही पाणी कमी पडल्याचीच खूण. टाळूवर तेल घालून ती वर येत नाही, पाणी भरल्यावर येते.

आता हे सगळं एका मुलीवर लावून पाहू. समजा ती चौदा महिन्यांची आहे, आजारापूर्वीचं वजन 10 किलो. पहाटेपासून चार उलट्या, दुपारपर्यंत सात पातळ संडास. संडासात रक्त नाही. ती किरकिर करते आहे, डोळे थोडे खोल आहेत, पेला दिसला की दोन्ही हातांनी ओढते, पोटावरची घडी हळू सपाट होते. म्हणजे दुसरी पायरी. अशा मुलीला प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन, तिथे चार तास बसवून ओआरएस देणं हे उत्तम. पुडी वाटेतच सुरू करावी.

मात्रा वजनावर ठरते. दर किलोला 75 मिली, चार तासांत. 10 किलोला 750 मिली, म्हणजे तासाला साधारण 190 मिली. आकडा ऐकून आई म्हणते, ‘अहो, ही तर घोटभर पाजलं तरी ओकते, पाऊण लिटर कसं जायचं?’ उत्तर चमच्यात आहे. औषधाच्या बाटलीचं 5 मिलीचं झाकण किंवा चहाचा चमचा घ्यायचा आणि दर दीड मिनिटाला एक द्यायचा. तासाला चाळीस चमचे, म्हणजे 200 मिली, हिशेब पुरा. पेल्याने एकदम पाजलं की ताणलेलं पोट सगळं परत फेकतं, चमचाभर पाणी मात्र उलटी व्हायच्या आत खाली सरकून शोषलं जातं. दुधाच्या बाटलीतूनही देऊ नये, तहानलेलं मूल सगळी बाटली एका दमात ओढतं.

समजा विसाव्या मिनिटाला तिला उलटी झाली. इथे बहुतेक जण थांबतात. थांबायचंच, पण फक्त दहा मिनिटं. घड्याळ बघून दहा मिनिटांनी पुन्हा चमचा, या वेळी दर दोन-तीन मिनिटांनी. उलटीत गेल्यासारखं वाटतं त्यापेक्षा पोटात राहिलेलं पाणी बहुधा जास्त असतं. तासाभराने उलट्या विरळ होतात, कारण शरीरात पाणी-क्षार भरू लागले की मळमळ स्वतःच कमी होते, आणि मग वेग पुन्हा वाढवता येतो. मध्ये अंगावर पाजणं चालूच ठेवायचं. या कामाला एक माणूस पूर्णवेळ लागतो. आई थकली की आजी, आजी थकली की बाबा. चमचा बाजूला ठेवून ‘मागेल तेव्हा देऊ’ म्हटलं की हिशेब कोसळतो.

चार तासांनी पुन्हा त्याच चार गोष्टी पाहायच्या. तिला लघवी झाली, डोळे वर आले, घडी चटकन सरळ झाली, ती झोपेला आली पण हाक मारल्यावर नीट बघते, तर ती पहिल्या पायरीवर आली. आता घरी नेता येईल. पुढे दर पातळ संडासनंतर 50 ते 100 मिली, म्हणजे दहा ते वीस चमचे. दोन वर्षांवरच्या मुलाला 100 ते 200 मिली. खुणा तशाच राहिल्या तर आणखी चार तास, तिथेच. वाढल्या तर सलाईन. आणि पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवून साधं पाणी आणि अंगावरचं दूध, कारण गरजेपेक्षा जास्त गेलेलं असतं.

काही मुलांत मात्र चमचा नीट देऊनही हिशेब जमत नाही. संडासावाटे पाणी इतक्या वेगाने जातं की भरणं मागे पडतं. तासाला तीनहून जास्त उलट्या होत राहतात. कधी पोट फुगतं आणि आतड्याची हालचालच मंदावते. क्वचित एखाद्या मुलात ग्लुकोजच शोषलं जात नाही, ओआरएस दिलं की जुलाबांचा पूर येतो. यात आईची काही चूक नसते. अशा मुलाला रुग्णालयात नाकातून नळी घालून किंवा सलाईनने पाणी द्यावं लागतं. उलट्यांसाठी ओंडान्सेट्रॉन हे औषध डॉक्टर वजनावरून देतात आणि ते उपयोगी पडतं. शेजाऱ्याच्या मुलाची उरलेली बाटली मात्र वापरू नये.

पायऱ्यांची वाट न पाहता थेट रुग्णालयात जायचं अशा काही परिस्थिती असतात. बाळ तीन महिन्यांखालचं असेल तर जुलाब-उलट्या सुरू होताच दाखवावं. मूल गुंगीत असेल, पिऊ शकत नसेल, प्यायलेलं सगळंच उलटत असेल, झटका आला असेल, हातपाय गार पडले असतील किंवा श्वास भराभर आणि खोल चालत असेल तर एक मिनिटही घालवू नये, 108 ला फोन करावा. संडासात रक्त असेल तर ती हगवण, तिथे प्रतिजैविक लागू शकतं. उलटी हिरवी असेल, पोट टणक फुगलं असेल, किंवा मूल मधूनमधून पाय पोटाशी घेऊन किंचाळत असेल तर आतड्यात अडथळा असू शकतो आणि शल्यचिकित्सक असलेलं रुग्णालय गाठावं. तीव्र कुपोषित मुलाचा हिशेब वेगळा असतो, त्याला घरच्या भरवशावर ठेवू नये. ताप चढता राहिला किंवा जुलाब चौदा दिवसांवर गेले तरीही दाखवायला हवं. वाटेत मूल शुद्धीवर आणि गिळत असेल तर चमचा चालू ठेवायचा. गुंगीतल्या मुलाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

रुग्णालयात तिसऱ्या पायरीच्या मुलाला शिरेतून रिंगर लॅक्टेट लावतात. दर किलोला 100 मिली, वर्षाखालच्या बाळाला सहा तासांत आणि मोठ्या मुलाला तीन तासांत, त्यातला पहिला 30 मिलीचा भाग भराभर. मूल गिळण्याइतकं सावध होताच तिथेही ओआरएसचा चमचा सुरू होतो. पुष्कळ पालक याउलट पहिल्या पायरीच्या मुलालाही ‘एक सलाईन लावून टाका, ताकद येईल’ म्हणतात. सुई टोचण्याचा त्रास, जंतुसंसर्गाची शक्यता आणि खर्च यांपलीकडे त्या मुलाला त्यातून काही मिळत नाही.

ही मागणी नुसती पालकांची राहत नाही, डॉक्टरांच्या चिठ्ठीतही उतरते. कर्नाटक आणि बिहारमधल्या दोन हजारांहून अधिक खासगी आरोग्यसेवकांवर झालेला एक मोठा अभ्यास 2024 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ओआरएस माहीत असूनही ते का लिहून दिलं जात नाही, याचं सर्वांत मोठं कारण पुड्यांचा तुटवडा किंवा औषधांवरचा नफा हे निघालं नाही. ‘पालकांना ते नको असतं’ ही डॉक्टरांची समजूत हे ते कारण होतं. पालकांनी स्वतःहून ओआरएस मागितलं तर ते लिहून दिलं जाण्याची शक्यता बरीच वाढली. प्रतिजैविक, जुलाब बांधण्याची गोळी आणि सलाईन हे त्रिकूट चिठ्ठीवर का येतं, याचं उत्तर काही अंशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना आहे. जुलाब बांधणारी लोपेरामाइडसारखी गोळी लहान मुलांना द्यायचीच नसते. तिने आतड्याची हालचाल थांबते, पाणी आतच साठतं आणि बाहेरून मूल बरं झाल्यासारखं दिसतं.

चिठ्ठीत असायला हवं असं एक औषध मात्र बहुधा वाटेत सुटतं, ते म्हणजे झिंक. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज 20 मिलिग्रॅमची एक गोळी, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, चौदा दिवस. तिने चालू आजार थोडा आवरतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. तिसऱ्या दिवशी जुलाब थांबले की गोळ्या थांबतात, आणि फायदा नेमका उरलेल्या गोळ्यांत असतो.

‘पोटाला विश्रांती’ म्हणून उपाशी ठेवण्याची चालही सोडायला हवी. अंगावरचं दूध एकही वेळ तोडायचं नाही. वरचं दूध नेहमीच्याच घट्टपणाने, पाणी न वाढवता द्यायचं. पहिले चार तास पाणी भरून झालं की मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, दही, केळं, थोडं तेल किंवा तूप घालून, थोडं थोडं पण एरवीपेक्षा एक वेळ जास्त. रिकाम्या आतड्याचं अस्तर लवकर भरून येत नाही, अन्न आत गेलं की येतं. रोटाव्हायरसची लस आता देशभर सरकारी लसीकरणात मोफत आहे, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला तोंडाने थेंब. त्यातली एक लस पुण्यातच तयार होते. लस घेतलेल्या मुलालाही जुलाब होतात, पण रुग्णालयात जावं लागेल इतके तीव्र होण्याची शक्यता पुष्कळ घटते.

घरी परतलेल्या त्या दहा किलोच्या मुलीला पुढचे तीन-चार दिवस दिवसातून चार-पाच पातळ संडास होतील. ती खात असेल, लघवी होत असेल, अंगणात खेळत असेल, तर दर वेळी दहा-वीस चमचे द्यायचे आणि झिंकची गोळी. संध्याकाळी ती पाणी पिताना पेल्यावर झेपावू लागली, किंवा हाक मारूनही उठेना, तर सकाळपर्यंत न थांबता परत न्यायचं. दवाखान्यातून निघतानाच जवळचं रात्री उघडं रुग्णालय कोणतं हे विचारून ठेवावं, आणि पुड्या एकीऐवजी चार घ्याव्यात.